घरमालकाचे उत्तर येत नाही तेव्हा : सोलापुरात भाड्याच्या घरासाठी दुसरा संदेश

सोलापुरातील जुन्या पेठांत आणि रेल्वे लाइन्ससारख्या भागांत दारावरची ‘घर भाड्याने देणे आहे’ ही पाटी अजून दिसते, परंतु जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशा वाढत्या वस्त्यांतील घरांची माहिती आता व्हॉट्सॲपच्या गटांतून, ओएलएक्ससारख्या जाहिरातस्थळांवरून किंवा वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींतूनही मिळते. पाटी वाचणारा माणूस दार वाजवतो आणि त्याला होकार किंवा नकार तिथल्या तिथे कळतो. जाहिरात वाचणारा मात्र एक संदेश पाठवतो आणि तीन-चार दिवस उत्तराची वाट पाहतो. या पहिल्या संदेशाला येथे ‘विचारणा’ म्हटले आहे, आणि उत्तर न आल्यावर त्याच मालकाशी पुन्हा साधलेल्या संपर्काला ‘पाठपुरावा’. हा पाठपुरावा कोणत्या शब्दांत, किती दिवसांनी आणि किती वेळा करावा, तसेच तो कधी थांबवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पाठपुराव्याचे शब्द ठरवण्यापूर्वी मालक गप्प का राहतो याचा विचार करावा लागतो, कारण कारणानुसार शब्द बदलतात. सर्वांत साधे कारण म्हणजे घर आधीच दिलेले असते आणि जाहिरात काढायची राहिलेली असते. अशा मालकाकडे रोज नवे संदेश येत राहतात आणि प्रत्येकाला ‘दिले’ असे कळवण्याचा त्याला कंटाळा येतो. दुसरे कारण असे, की जाहिरात देणारा आणि निर्णय घेणारा हे पुष्कळदा वेगळे असतात. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा किंवा भाचा जाहिरात टाकतो, आणि घर कोणाला द्यायचे हे सोलापुरात तळमजल्यावर राहणारे आई-वडील ठरवतात. मुलाने संदेश वाचलेला असतो, पण घरी विचारायचे राहून जाते. तिसरे कारण पंचांगाशी जोडलेले आहे. पितृपक्षात नवे घर घेणे किंवा देणे अनेक कुटुंबे टाळतात, आणि जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे सोलापूरकरांची गड्डा यात्रा, भरते तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात भाडेकरूचा विषय मागे पडतो. या दिवसांत आलेल्या मौनाला नकार मानण्याचे कारण नसते.

चौथे कारण अधिक खोल आहे आणि पाठपुराव्याच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे मालकाच्या मनातील धास्ती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या काळात दिलेल्या खोल्या पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर अडकून राहिल्याच्या आठवणी जुन्या पेठांतील घरांघरांत आहेत, आणि ‘भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही’ हे वाक्य अशा घरांत आजही ऐकू येते. वस्तुतः आज प्रचलित असलेला ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार, ज्याला बोलीत अकरा महिन्यांचा करार म्हणतात, तो भाडेपट्टा नसून ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि मुदत संपल्यावर जागेचा ताबा परत मिळवण्यासाठी कलम २४ मध्ये स्वतंत्र मार्ग ठेवलेला आहे. हे ज्या मालकाला ठाऊक नसते तो अनोळखी विचारणेकडे संशयाने पाहतो, आणि विचारणाऱ्याने स्वतःविषयी काहीच सांगितलेले नसेल तर उत्तर न देणे त्याला सर्वांत सुरक्षित वाटते. म्हणूनच बहुतेक वेळा दोष मालकाच्या सौजन्यात शोधण्याऐवजी पहिल्या संदेशाच्या अपुरेपणात शोधणे उपयोगी पडते.

मौन कोणत्या प्रकारचे आहे याचा थोडा अंदाज व्हॉट्सॲपवरील खुणांवरून बांधता येतो. संदेशाखाली एकच राखाडी खूण असेल तर तो मालकाच्या फोनपर्यंत पोहोचलेलाच नसतो. फोन बंद असतो, इंटरनेट नसते किंवा क्वचित विचारणाऱ्याचा क्रमांक बंद केलेला, म्हणजे ब्लॉक केलेला असतो. दोन राखाडी खुणा म्हणजे संदेश पोहोचला, आणि त्या निळ्या झाल्या म्हणजे वाचला गेला. मात्र वाचल्याची खूण दिसू न देण्याची सोय प्रत्येकाला असल्यामुळे राखाडी खुणांवरून ‘वाचलेच नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि निळ्या खुणांवरून ‘वाचूनही टाळले’ असा निष्कर्ष काढणे तर त्याहून अयोग्य आहे, कारण वाचणारा मुलगा आणि ठरवणारी आई यांच्यात दोन-तीन दिवस सहज जातात. एकच खूण दोन दिवस टिकली तर दुसरा संदेश त्याच ठिकाणी पाठवणे व्यर्थ असते. तेव्हा साधा एसएमएस किंवा फोन हाच मार्ग उरतो. जाहिरातस्थळाच्या आतल्या संवादखिडकीत केलेल्या विचारणेचेही तसेच आहे : पुष्कळ मालक जाहिरात टाकून ते ॲप पुन्हा उघडतच नाहीत, म्हणून जाहिरातीत फोन क्रमांक दिलेला असेल तर पाठपुरावा त्या क्रमांकावर करावा.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहता येईल. समजा, पंढरपूरहून सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात बदली झालेल्या एका परिचारिकेला रुग्णालयापासून फार लांब नसलेले घर हवे आहे. रेल्वे लाइन्समधील पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी एक जाहिरात तिला व्हॉट्सॲपच्या गटात दिसते आणि सोमवारी दुपारी ड्युटीच्या धावपळीत ती लिहिते :

‘घर आहे का? भाडे किती? कमी होईल का? पाणी कसं आहे? पार्किंग आहे का?’

पाच प्रश्न, नमस्कार नाही, नाव नाही, आणि कोणत्या घराविषयी विचारले आहे तेही नाही. ज्या मालकाची दोन घरे भाड्याने द्यायची आहेत त्याला हा संदेश कोणत्या घराचा हेदेखील कळणार नाही. यातील पाण्याचा प्रश्न सोलापुरात अत्यंत रास्त आहे, कारण महापालिकेचे पाणी रोज येत नाही आणि हौद किती मोठा, वरच्या टाकीत पाणी चढवण्याची मोटर कोणाची, बोअर आहे की नाही यावर त्या घरातले जगणे अवलंबून असते. परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर एका ओळीत देता येत नाही, ते घर पाहतानाच मिळते. भाडे कमी करण्याचा प्रश्न तर घर पाहण्याआधी विचारल्यामुळे मालकाला विचारणाऱ्याची ऐपत आणि हेतू या दोन्हींविषयी शंका येते. मालक गप्प राहिला यात आश्चर्य नाही.

पाठपुरावा साधारणपणे तीन पूर्ण दिवस उलटल्यावर करावा. दुसऱ्याच दिवशी केलेला तगादा वाटतो आणि आठवड्यानंतर पाठवलेल्या संदेशापर्यंत घर गेलेले असण्याचा संभव वाढतो. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठची बरी, कारण दुपारी, विशेषतः चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात, घरातील वडीलधारी मंडळी विश्रांती घेतात आणि रात्री नऊनंतर अनोळखी माणसाचा संदेश खटकतो. या परिचारिकेने शुक्रवारी संध्याकाळी पाठवावयाचा संदेश असा असू शकतो :

‘नमस्कार. रेल्वे लाइन्समधील आपल्या पहिल्या मजल्यावरच्या घराबाबत मी सोमवारी विचारले होते, त्यात स्वतःची माहिती द्यायची राहून गेली. मी शासकीय रुग्णालयात परिचारिका असून पंढरपूरहून बदली होऊन आले आहे. राहणारे आम्ही तिघे : मी, सासूबाई आणि पहिलीत जाणारा मुलगा. घर पुढच्या एक तारखेपासून हवे आहे, आणि रीतसर नोंदणीकृत करार करण्याची आमची तयारी आहे. घर अजून द्यायचे असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत पाहायला आले तर चालेल का? दिले गेले असल्यास नुसते “दिले” एवढे कळवले तरी पुरे.’

या संदेशाची रचना पाहण्यासारखी आहे. ‘माहिती द्यायची राहून गेली’ या शब्दांनी दुसऱ्यांदा लिहिण्याचे कारण विचारणारीने स्वतःकडे घेतले आहे. मालकाने उत्तर दिले नाही याचा उल्लेखही त्यात नाही, आणि तरीही मागील संदेशाची आठवण झाली आहे. ‘तुम्ही मेसेज बघूनही उत्तर दिलं नाही’, ‘निदान हो की नाही ते तरी सांगा’ किंवा नुसती दोन प्रश्नचिन्हे या पद्धतींत मालकाला आधी स्वतःचा बचाव करावा लागतो, आणि अनोळखी माणसापुढे बचाव करण्यापेक्षा तो गप्प राहणे पसंत करतो. त्यानंतरची तीन वाक्ये मालकाच्या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात : माणसे किती, मिळकतीचे साधन कोणते, केव्हापासून, आणि कराराला तयार आहेत का. नोंदणीकृत कराराचा उल्लेख येथे शोभेसाठी केलेला नाही. वर सांगितलेल्या जुन्या धास्तीवर तो थेट उतारा आहे, आणि त्याचा अर्थ ‘मुदत संपली की घर मोकळे होईल’ असा मालकाच्या कानाला ऐकू येतो.

प्रश्न एकच उरला आहे, आणि त्याचे उत्तर ‘या’ किंवा ‘सोमवारी या’ अशा दोन शब्दांत देता येते. भाडे, अनामत रक्कम म्हणजे डिपॉझिट, पाणी आणि गाडी लावण्याची जागा हे सारे प्रश्न रविवारच्या भेटीसाठी राखून ठेवले आहेत. शेवटचे वाक्य मालकाला नकार देण्याची वाट मोकळी करते. सोलापूरसारख्या शहरात, जिथे कोणाचा तरी कोणीतरी ओळखीचा निघतोच, तोंडावर नाही म्हणणे जड जाते; ‘दिले’ हा एक शब्द पुरेसा आहे असे विचारणाऱ्यानेच सांगितले की नकारही लवकर मिळतो, आणि घर शोधणाऱ्याला लवकर मिळालेला नकार आठवडाभराच्या आशेपेक्षा अधिक उपयोगाचा असतो.

कुटुंबाची माहिती कोठवर द्यावी याला मर्यादा आहे. माणसांची संख्या, नोकरीचे ठिकाण आणि राहण्याचा कालावधी एवढे पुरते. जात, धर्म किंवा आहार यांचा खुलासा आपणहून करण्याची गरज नाही. आधार कार्डाची प्रत पाठपुराव्याच्या संदेशासोबत तर कधीही पाठवू नये, कारण ओळखपत्र करार करताना आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देताना लागते, घर पाहण्यापूर्वी नव्हे. आडनाव कळल्यावरच उत्तरे थांबतात असा अनुभव काही कुटुंबांना येतो ही या शहराची आणि इतर शहरांचीही लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे. त्या मौनावर सौजन्याचा उपाय चालत नाही, आणि अशा मालकाला तिसऱ्यांदा विनवण्यात स्वतःचा वेळ व मान दोन्ही खर्च होतात.

दुसऱ्या संदेशालाही तीन-चार दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा फोन करावा. अनोळखी क्रमांक न उचलण्याची सवय आता सर्वत्र झाली आहे, म्हणून फोनच्या थोडा वेळ आधी ‘रेल्वे लाइन्सच्या घरासाठी सातच्या सुमारास या नंबरवरून फोन करते’ अशी एक ओळ पाठवणे हिताचे असते. फोन पूर्ण वाजू द्यावा आणि उचलला नाही तर लागोपाठ पुन्हा करू नये. उचलला गेल्यास बोलण्याची सुरुवात ‘बोलायला वेळ आहे का?’ या प्रश्नाने करावी. समोरचा आवाज वयस्क असेल तर ‘काका’, ‘मावशी’ ही संबोधने सोलापुरात सहज चालतात, तरुण आवाजाला ‘सर’ किंवा ‘दादा’ म्हणणे योग्य. शहरात तेलुगू आणि कन्नड मातृभाषा असलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतील ज्येष्ठ मंडळी मराठी अस्खलित बोलत असली तरी प्रत्येकाला लांब मराठी संदेश वाचायची सवय असेलच असे नाही. तेथे दोन मिनिटांचे बोलणे तीन संदेशांचे काम करते.

उदाहरणातील परिचारिकेला फोनवर असे कळले, की जाहिरात पुण्यात राहणाऱ्या मुलाने टाकली आहे आणि ‘आईला विचारून सांगतो’ असे तो म्हणाला, तर तिने तेथे ‘बरं’ म्हणून फोन ठेवू नये. ‘आईंना मी स्वतः भेटले तर चालेल का? रविवारी सकाळी त्या घरी असतात का?’ असे विचारले की निर्णय घेणाऱ्या व्यक्तीपर्यंत जाण्याची परवानगी मिळते आणि मुलाच्या डोक्यावरचे कामही कमी होते. अशा घरांत रात्रपाळीची अडचण पुढे येण्याची शक्यता असते, कारण खाली राहणाऱ्या मालकिणीला फाटकाचे कुलूप रात्री दहाला लावायची सवय असते. महिन्यातून किती रात्री ड्युटी असते आणि येण्या-जाण्याच्या वेळा कोणत्या हे तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकणे चांगले. नंतर कळलेली रात्रपाळी मालकाला फसवणुकीसारखी वाटते.

घर जवळपास असेल तर प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा एक जुना मार्गही आहे. पाटी अजून टांगलेली आहे का, खिडक्यांना पडदे लागले आहेत का, जिन्यात चपला दिसतात का, यावरून घर रिकामे आहे की नाही हे बाहेरूनच कळते, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मालक कोठे राहतात व किल्ली कोणाकडे असते हे बहुधा ठाऊक असते. मालक तेथेच राहत असतील तर नाव, क्रमांक आणि दोन ओळींची चिठ्ठी देऊन यावे. पण दुकानदाराकडून मालकाचा दुसरा क्रमांक मिळवून त्यावर संदेशांचा मारा करणे, किंवा मालकाच्या नातेवाइकांकडून दडपण आणणे, हा पाठपुरावा नव्हे.

एक विचारणा, एक सविस्तर संदेश आणि एक फोन यांपुढे जाऊ नये. या तिन्हींना मिळून साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढ्या काळात दुसरी तीन-चार घरे पाहणे चालू ठेवावे, एकाच घरावर जीव टांगून ठेवू नये. मालक उत्तर देतो पण ‘बघू’, ‘कळवतो’ असे महिनाभर म्हणत राहतो तेव्हा तो बहुधा अधिक भाडे देणाऱ्याची किंवा ओळखीच्या माणसाची वाट पाहत असतो. अशा वेळी ‘पाच तारखेपर्यंत आम्हाला ठरवावे लागेल, तोपर्यंत कळले तर बरे होईल’ असे सौम्यपणे सांगणे योग्य आहे, मात्र ती तारीख खरी असावी आणि उलटून गेल्यावर विषय संपवावा.

याउलट, दीर्घ मौनानंतर एकाएकी फार गोड उत्तर आले तर सावध व्हावे. जाहिरातस्थळांवर दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे टाकणारे भामटे असतात. ‘सैन्यात आहे, बदली झाली म्हणून घर दाखवायला येता येत नाही’ असे ते सांगतात, ‘घराला खूप मागणी आहे’ म्हणून घर न दाखवताच टोकन, म्हणजे जागा राखून ठेवण्याची आगाऊ रक्कम, मागतात, किंवा ‘पैसे मी तुम्हालाच पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड धाडतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे खात्यातून जाणार आहेत. घराचे दार उघडून आत उभे राहिल्याशिवाय आणि मालकाच्या नावाची मिळकतकराची पावती किंवा वीजबिल पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

घर दुसरीकडे ठरल्यावर ज्या मालकांकडे विचारणा केली होती त्या प्रत्येकाला, उत्तर न दिलेल्यांनाही, ‘आमची सोय झाली, आता आपण आमच्यासाठी घर अडवून ठेवू नये, धन्यवाद’ एवढी ओळ वाचकांनी आवर्जून पाठवावी. आईला विचारायचे राहून गेलेला तो पुण्याचा मुलगा कदाचित त्याच दिवशी विचारणाऱ्यासाठी घर राखून बसलेला असेल.